एक्स्पायरीचा एक रकाना पुरत नाही

महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांत रसायनांची नोंद आता जाड रजिस्टरातून सामायिक शीटवर येऊ लागली आहे. रसायनाचे नाव, कंपनी, नग, एक्स्पायरी, कुठे ठेवले, धोका कोणता, असे पाच-सहा रकाने असतात आणि तारीख उलटली की ओळ आपोआप लाल होते. ही सोय चांगलीच आहे. मात्र ती आली तशी प्रत्येक विभागात एक वादही आला : लाल झालेली प्रत्येक बाटली काढून टाकायची की नाही?

काढून टाकावी असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही. नियम एकच असला तर लॅब अटेंडंटला दर वेळी सरांना विचारत बसावे लागत नाही. ‘अजून चालेल’ म्हणत ठेवलेल्या बाटल्यांनीच कपाटे भरतात आणि दहा वर्षांनी त्यात काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही. औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात मुदतबाह्य अभिकर्मक वापरला तर त्या चाचणीचा निकालच संशयात येतो. उद्या तिथे नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याला ती शिस्त इथेच लागायला हवी, हे म्हणणेही रास्त आहे.

दुसऱ्या बाजूचे लोक सोडियम क्लोराइडची बाटली पुढे करतात. कोरडे, घट्ट झाकणाचे, न भिजलेले मीठ लेबलवरची तारीख उलटली म्हणून दुसरे काही होत नाही. ती तारीख म्हणजे अमुक काळापर्यंत शुद्धतेची हमी आमची, एवढेच उत्पादकाचे सांगणे असते. पदवीच्या प्रॅक्टिकलला ते मीठ पुरेसे असते आणि नवीन घ्यायला अनुदान अपुरे असते. शिवाय काढून टाकायचे म्हणजे कुठे? घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार धोकादायक माल अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे जायला हवा. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे ती केंद्रे आहेत. पण गाडी बोलवायची, कागदपत्रे करायची आणि पैसे भरायचे तर चार किलो मालासाठी कोणी हालचाल करत नाही. मग सक्तीचा नियम शीटवर पाळला जातो आणि बाटली प्रत्यक्षात बेसिनमध्ये रिकामी होते. हा आक्षेप आम्हाला सर्वांत वजनदार वाटतो.

तरीही दोन्ही बाजू ज्या एका रकान्यावरून भांडतात, त्यातच खरी गफलत आहे. मिठाच्या ओळीला आणि डायएथिल ईथरच्या ओळीला तो एकच लाल रंग देतो. शंभर ओळींपैकी साठ ओळी निरुपद्रवी कारणाने लाल असल्या की खरोखर धोकादायक चार ओळींकडे कोणाची नजर जात नाही. त्याहून वाईट म्हणजे, ज्या बाटलीने खरोखर इजा होऊ शकते ती कदाचित लाल झालेलीच नसते.

ईथरचेच उदाहरण घेऊ. समजा, ५०० मिलीची बाटली जून २०२४ मध्ये आली. लेबलवरची एक्स्पायरी मे २०२७. १२ ऑगस्ट २०२४ रोजी एका निष्कर्षणासाठी ती उघडली, दीडशे मिली वापरले, झाकण लावून कपाटात ठेवली. शीटवर ही ओळ मे २०२७ पर्यंत निर्धास्त दिसेल. पण उत्पादकाची तारीख सीलबंद बाटलीसाठी आहे. सील फुटले त्या दिवशी हवेतला ऑक्सिजन आत गेला, आणि बाटली जितकी रिकामी तितकी आत हवा जास्त. प्रकाश आणि ऑक्सिजन यांच्यामुळे ईथरमध्ये पेरॉक्साइडे तयार होऊ लागतात. बीएचटीसारखा स्थिरक घातलेला असेल तर वेग मंदावतो, पण तो स्थिरकही हळूहळू खर्ची पडतो. ही पेरॉक्साइडे ईथरइतकी उडून जाणारी नसतात. म्हणून ईथर उडत गेले किंवा ऊर्ध्वपातनाने काढले की ती तळाशी साठत जातात, आणि फ्लास्क कोरडा होण्याच्या सुमारास स्फोट होऊ शकतो. फ्रिजमध्ये ठेवल्याने ही क्रिया थांबत नाही, आणि घरगुती फ्रिजमध्ये ईथर ठेवणे तर वेगळाच धोका आहे, कारण आतल्या विजेच्या ठिणगीला त्याची वाफ पुरते. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीचे तापमान ईथरच्या उत्कलनबिंदूच्या, म्हणजे साधारण ३५ अंशांच्या वर सहज जाते. त्यामुळे ‘थंड व कोरड्या जागी’ एवढे साठवणीच्या रकान्यात लिहून तिथे काहीच साधत नाही.

या बाटलीला दोन तारखा हव्यात : लेबलवरची आणि उघडल्याची. उघडल्यानंतर किती महिने, याबाबत प्रयोगशाळांचे संकेत वेगवेगळे आहेत. कुठे ३, कुठे ६, कुठे चाचणी करत १२. आपल्या उकाड्यात ६ च्या पुढे जाऊ नये असे आमचे मत आहे. `E` मध्ये लेबलवरची तारीख, `F` मध्ये उघडल्याची, `G` मध्ये उघडल्यावर चालणारे महिने असतील, तर खरी मुदत अशी निघते :

```
=IF(NOT(ISNUMBER(E2)),"तारीख तपासा",IF(F2="",E2,MIN(E2,EDATE(F2,G2))))
```

आपल्या बाटलीचे उत्तर १२ फेब्रुवारी २०२५ येते, मे २०२७ नव्हे. त्या दिवशी बाटली फेकायची नसते, तपासायची असते. ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडमध्ये थोडे पोटॅशियम आयोडाइड घालून त्यात तितकेच ईथर मिसळायचे. पिवळा रंग आला तर पेरॉक्साइड आहे, तपकिरी आला तर पुष्कळ आहे. शेजारी ईथर न घालता तेवढेच मिश्रण ठेवावे, कारण आयोडाइड आम्लात हवेनेही हळूहळू पिवळे पडते. चाचणीच्या पट्ट्या मिळाल्या तर आकडाही कळतो. दशलक्षात २५ भागांच्या खाली असेल तर नेहमीच्या वापराला बहुतेक ठिकाणी चालवून घेतात, १०० च्या वर गेले तर बाटली वापरातून काढतात. मधल्या पट्ट्यात ऊर्ध्वपातन करू नये. आणि झाकणाभोवती किंवा तळाशी स्फटिक दिसले, किंवा बाटली कधी उघडली हेच कोणाला ठाऊक नसेल, तर चाचणीसाठीसुद्धा झाकण फिरवायचे नाही. बाटली हलवायचीही नाही. जागा बंद करून जाणकारांना बोलवायचे.

वरच्या सूत्रातला पहिला भाग, ‘तारीख तपासा’, उगाच घातलेला नाही. शीटची भाषा-प्रदेशाची सेटिंग अमेरिकेची राहिली असेल तर 05/08/2026 हा आपला ५ ऑगस्ट तिथे ८ मे होतो, आणि 25/08/2026 ही तारीखच मानली जात नाही, ती नुसती अक्षरे म्हणून बसते. अक्षरांवर तारखेचा नियम लागू होत नाही, ओळ कधीच लाल होत नाही. ओळखायची खूण सोपी आहे : खरी तारीख खणात उजवीकडे सरकून बसते, अक्षरे डावीकडे. सेटिंग भारताची करावी, पण आधी भरलेल्या तारखा पुन्हा बाटलीशी ताडून घ्याव्यात. जी तारीख आधीच ८ मे झाली, ती सेटिंग बदलल्याने दुरुस्त होत नाही.

धोक्याच्या रकान्याचेही असेच आहे. बहुतेक विभाग लेबलवरची चित्रे शब्दांत उतरवतात : ज्वाला, कवटी, गंज. ईथरच्या बाटलीवर ज्वाला आणि उद्गारचिन्ह असते, पेरॉक्साइडसाठी वेगळे चित्रच नाही. तो इशारा युरोपीय नियमांच्या पुरवणीतल्या `EUH019` या वाक्यात असतो आणि तो सुरक्षा-पत्रकात वाचूनच भरावा लागतो. नावाने शोधणेही फसवे आहे. ‘ईथर’ टाकले की पेट्रोलियम ईथरही सापडते. ते हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे, त्याला ज्वालेचा धोका आहे पण पेरॉक्साइडचा हा धोका नाही. उलट टेट्राहायड्रोफ्युरॉनच्या नावात ईथर नाही, धोका मात्र आहे. म्हणून कॅस क्रमांक लिहावा, डायएथिल ईथरचा 60-29-7.

साठवणीच्या रकान्यात ‘ॲसिड कपाट’ एवढे लिहिले की नायट्रिक आणि ॲसिटिक ॲसिड शेजारी बसतात. पहिले तीव्र ऑक्सिडीकारक, दुसरे ज्वलनशील सेंद्रिय द्रव. गळती झाली तर दोघे एकमेकांना भिडतात. रकान्यात गट लिहावा : ऑक्सिडीकारक आम्ल, सेंद्रिय आम्ल, आम्लारी, ज्वालाग्राही. आणि गटाबरोबर कपाटाचा क्रमांक.

आता रजिस्टर की शीट, या जुन्या प्रश्नाकडे येऊ. रजिस्टरच्या बाजूने बोलणाऱ्यांना जुन्या विचारांचे म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. पानांना क्रमांक असतात, खाडाखोड दिसते, सही असते. शीटमध्ये कोणी एकच रकाना निवडून वर्णक्रमाने लावला तर नावे एकीकडे सरकतात आणि तारखा जागच्या जागी राहतात. सोडियम धातूच्या पुढे मिठाची मुदत येते, आणि शीट तितकीच नीटनेटकी दिसते. मागच्या आवृत्तीवर परतता येते हे खरे, पण गोंधळ झाला आहे हे आधी कोणाच्या तरी लक्षात यायला हवे. प्रत्येक बाटलीला स्वतःचा क्रमांक आणि प्रत्येक क्रमांकाला एक ओळ असेल तर कोणत्याही पाच बाटल्या उचलून अटेंडंट ते दहा मिनिटांत पडताळू शकतो. ‘डायएथिल ईथर, ३ नग’ अशी एकच ओळ असेल तर पडताळणार तरी काय, कारण तिन्ही बाटल्या वेगवेगळ्या दिवशी उघडलेल्या असतात.

आमचा कौल शीटच्या बाजूने आहे, तो एका अटीवर. उघडल्याची तारीख आणि उघडणाऱ्याची सही आधी बाटलीवर, न पुसणाऱ्या शाईने. शीटवर त्याची नक्कल. बाटली उघडणारा विद्यार्थी त्या क्षणी हातमोजे घालून उभा असतो, फोन हातात घेणार नाही आणि घेऊही नये. दोहोंत फरक पडला तर बाटलीवरचे खरे मानावे. ज्वालाग्राही आणि विषारी मालाची कपाटवार यादी दर महिन्याला छापून खोलीबाहेर लावावी, कारण आग लागल्यावर अग्निशमन दलाला कोणी लिंक पाठवत बसणार नाही.

लाल रंगाचे वाटप आम्ही असे करू. पेरॉक्साइड होणारी, आणि पिक्रिक ॲसिडसारखी, जी कोरडी पडली की स्फोटक होतात, ती लाल : तारखेला थांबून तपासणी, कोणाचीही सवलत नाही. हवेने वा प्रकाशाने ज्यांची ताकद उतरते, जसे फेरस सल्फेट, ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा सोडियम हायड्रॉक्साइड, ती नारिंगी : तीव्रता पुन्हा मोजून वापर, आणि मोजल्याची तारीख ओळीत. स्थिर, कोरडे क्षार रंगाविना : झाकण आणि दिसणे ठीक असेल तर शिकवण्याच्या वापराला विभागप्रमुखांच्या सहीने मुदतवाढ, संशोधनाच्या मोजमापाला नाही.

या सवलतीचा गैरवापर होईल, ही भीती खोटी नाही. सही देणे सोपे असते आणि नारिंगी ओळ रंगहीन करणेही सोपे असते. त्यासाठी वर्गवारीचा रकाना आणि सूत्राचा रकाना संरक्षित ठेवावा, बदलण्याचा हक्क विभागातल्या दोनच जणांना द्यावा, आणि अटेंडंटला फक्त उघडल्याची तारीख, उरलेले प्रमाण व चाचणीचा निकाल भरता यावा. विल्हेवाटीच्या खर्चाचा प्रश्न मात्र शीट सोडवू शकत नाही. एका शहरातल्या चार-पाच महाविद्यालयांनी वर्षातून एकदा मिळून गाडी बोलवली तर तो खर्च वाटला जाईल. लाल ओळींची बेरीज आयती तयार असल्यामुळे कोणाचा किती माल आहे हे ठरवायला त्यांना वेगळी बैठक लागणार नाही.