आरतीची ओळ आणि मंडळाचा कागद

गंजाडच्या एका पाड्यावर नवरात्रात गेलो होतो. मंडळाच्या मुलांनी देवीची नवी आरती रचली होती, चाल समर्थांच्या गणपतीच्या आरतीची. पहिली ओळ अशी: ‘गंजाडच्या पाड्यावरील भक्तांच्या हाकेला धावून येणारी’. एकवीस अक्षरे! टाळ पुढे गेले, शब्द मागे राहिले, आणि म्हाताऱ्या बायका गप्प झाल्या. मी बोललो तर उत्तर आले, ‘महाराज, भाव महत्त्वाचा, अक्षरे काय मोजता?’

हे मला मुळीच मान्य नाही. त्या चालीत आपल्या विठोबाची नामदेवांची आरतीही बसते, ती मनात म्हणून पाहा. कडव्याची ओळ बहुधा बारा ते चौदा अक्षरांची असते. मध्ये श्वास. त्याआधी सहा ते आठ अक्षरे, त्यानंतर पाच ते सात. श्वासाशी शब्द संपतो, तुटत नाही. म्हणून तर कागद न वाचणारा माणूसही दुसऱ्या दिवशी सर्वांबरोबर म्हणतो. त्याचा भाव भाव नाही काय?

मुलांची ओळ आम्ही तिथेच बसून सोडवली. ‘गंजाडच्या पाड्यावरील’ आधी काढले. देवीला आपला पत्ता ठाऊक आहे. ‘धावून येणारी’ला ‘धावते’ पुरे. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचे मूळ ठाणे डोंगरावर, चैत्री पौर्णिमेला सारा मुलूख तिकडे लोटतो. म्हणून झाले: ‘हाकेला धावते, माय डोंगराची’. सहा आणि सहा.

मग एका मुलाने बोटांवर मोजून दुसरी ओळ दिली: ‘नवसाला पावणारी वरदायिनी’. (नवसाची भाषा वारकऱ्याला रुचत नाही, पण तो वाद निराळा.) आठ आणि पाच, मोजणी बरोबर. तरी अडली. दुसरा भाग पाचच अक्षरांचा असला की चाल त्याच्या पहिल्या दोन अक्षरांवर रेंगाळते. तिथे ‘व’ आणि ‘र’ दोन्ही ऱ्हस्व. लोकांनी ती ओढली आणि ‘वारादायिनी’ म्हटले. वर देणारी देवी वारा देऊ लागली! तिथे दीर्घ अक्षरे हवीत. ‘आई आमुची’ ठेवले, तेव्हा ओळ चालली, आणि ‘डोंगराची’शी यमकही जुळले.

आणखी एक फसगत. बोलताना ‘धावून’ दोन अक्षरांत उरकते, गाताना शेवटचा ‘न’ पुरा उच्चारावा लागतो, म्हणजे तीन. ओळ बोलून मोजू नये, टाळ धरून मोजावी.

शेवटच्या कडव्यात वर्गणीदारांची नावे होती. ती मी काढायला लावली. थोडी नाराजी झाली. नावे फलकावर लिहा. रात्री कागद मांडवातल्या समईपाशी ठेवून दिला आणि आरती पुन्हा म्हटली. मघाच्या गप्प बायकांपैकी एकीने दुसऱ्या ओळीला माझ्या आधी सूर धरला.