आधी पाणी ओळखा, मग मशीन घ्या

गेल्या महिन्यात आमच्या घणसोलीच्या विहारात कमिटीची मीटिंग होती. विषय एकच, विहारात आरओ मशीन बसवायचे आणि त्यासाठी घरटी वर्गणी काढायची. एका विक्रेत्याला बोलावले होते. त्याने दोन ग्लास मांडले, एकात नळाचे पाणी आणि दुसऱ्यात आरओचे. दोन्हीत धातूच्या कांड्या असलेले यंत्र बुडवून त्याने बटण दाबले. दोन मिनिटांत नळाचे पाणी तपकिरी, गढूळ आणि घाण झाले. आरओचे तसेच नितळ राहिले. महिला मंडळाच्या ताई म्हणाल्या, "बाई गं, हे आपण पोरांना पाजतो?" वर्गणीची यादी तिथेच तयार होऊ लागली.

माझी उमर पाण्याच्या प्रयोगशाळेत गेली आहे, म्हणून मी उठलो आणि विक्रेत्याला म्हणालो, "आता त्या आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा बटण दाबा." तो टाळाटाळ करू लागला. शेवटी मीठ ताईंनीच आणले. दोन मिनिटांत तेही पाणी तसेच तपकिरी झाले.

कारण सोपे आहे. त्या कांड्यांत एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजते आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. ती घाण पाण्यातली नव्हे, कांडीची. आरओच्या पाण्यातले क्षार काढलेले असतात, म्हणून वीज वाहत नाही आणि रंग बदलत नाही. क्षार म्हणजे विष नव्हे. विहिरीच्या, झऱ्याच्या चांगल्या पाण्यातही ते असतातच. विक्रेत्याने खोटे पाणी दाखवले नव्हते, खोटा अर्थ दाखवला होता.

माझे म्हणणे एवढेच आहे, की मशीन कोणते हे कंपनीची जाहिरात ठरवत नाही, तुमच्या नळाला पाणी कुठून येते ते ठरवते. आणि आपल्या नवी मुंबईत महापालिकेचे पाणी येणाऱ्या बहुतेक घरांना आरओची गरज नाही.

महापालिकेचे पाणी येते खालापूरजवळच्या मोरबे धरणातून. सह्याद्रीच्या डोंगरावर पडलेला पाऊस तिथे साठतो. भोकरपाड्याच्या केंद्रात ते गाळून, क्लोरीन घालून शहराकडे सोडतात. पावसाचे पाणी दगडामातीत फार काळ मुरलेले नसते, म्हणून त्यात क्षार मुळातच कमी. विरघळलेले क्षार म्हणजे टीडीएस. तो मोजायचे पेनसारखे मीटर काहीशे रुपयांत मिळते. त्या दिवशी विहाराच्या नळाचा टीडीएस निघाला 72. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक 500 पर्यंत चांगले मानते. 72 चे पाणी आरओतून काढले तर ते पाच-दहावर येते, आणि मग चव लागत नाही म्हणून त्याच मशीनमध्ये मिनरलची नळी लावतात किंवा थोडे न गाळलेले पाणी परत मिसळतात. म्हणजे पैसे देऊन क्षार काढायचे आणि पैसे देऊनच परत घालायचे.

वाया जाणारे पाणी वेगळेच. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण दोन ते तीन लिटर मोरीत सोडतो. चार माणसांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला दिवसाला वीस लिटर धरले, तर चाळीस ते साठ लिटर रोज जातात. महिन्याला बाराशे ते अठराशे लिटर, आणि तेही ज्या वस्तीत पहाटे उठून हंडे लावावे लागतात तिथे. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 च्या मे महिन्यात पर्यावरण मंत्रालयाला सांगितले होते, की टीडीएस 500 पेक्षा कमी असेल तिथे आरओला मनाई करा. ते विनाकारण नव्हते.

मग आरओ कुणासाठी? आपल्यातले बरेच जण विदर्भातून आलो आहोत. माझ्या साडूचे गाव दर्यापूरकडे, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. तिथले बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही. तिथे आरओ चैनीची गोष्ट नाही, गरज आहे. खारट पाणी गोड करणे हे आरओचे खरे काम, आणि पाण्यातले जास्तीचे फ्लोराइड आणि नायट्रेटही तो काढतो. घोटाळा होतो तो असा, की साडू इथे आला, त्याने मोरबेच्या पाण्याला आरओ लावला आणि म्हणाला, "गावाला फरक पडला होता ना!" गावाला पडला तो क्षारांमुळे. इथे काढायला क्षारच नाहीत.

पण म्हणून नळाचे पाणी डोळे झाकून प्यावे, असेही मी म्हणत नाही. आपल्याकडची भीती क्षारांची नाही, जंतूंची आहे. धरणापासून पाणी चांगले निघते आणि शेवटच्या टप्प्यात बिघडते. गटाराला लागून गेलेली फुटकी लाइन, किंवा आपलीच गच्चीवरची टाकी. 2012 साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याचा तो प्रकार होता. टीडीएसचे मीटर असे पाणी दाखवत नाही. 72 आकडा असलेल्या पाण्यातही काविळीचे विषाणू असू शकतात.

ते कसे ओळखायचे, हे विहारातच करून पाहिले. गावाकडे जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो ती अनेकांना ठाऊक आहे. पाण्यात औषधाचे थेंब टाकले आणि पिवळा रंग आला, तर क्लोरीन शिल्लक आहे. रस्त्यावरून येणाऱ्या थेट लाइनचे पाणी पिवळे झाले. टाकीतून येणाऱ्या नळाचे पांढरेच राहिले. मग दोन्ही पाणी एच-टू-एस बाटलीत भरून ठेवले. ही स्वस्त बाटली असते, जंतू असतील तर एक-दोन दिवसांत पाणी काळे पडते. थेट लाइनची बाटली तशीच राहिली, टाकीची दुसऱ्या दिवशी काळी झाली. वर चढून पाहिले तर झाकण फुटलेले, आत गाळ आणि कबुतराची पिसे.

वर्गणीतली पहिली रक्कम नव्या झाकणासाठी गेली. टाकी घासून धुतली. नंतर दोन हजार लिटर पाण्याला पाच ग्रॅम ब्लिचिंग पावडर, म्हणजे साधारण एक चमचा, बादलीत कालवली, चुना खाली बसू दिला आणि वरचे नितळ पाणी तेवढे टाकीत ओतले. तासाभराने ओटी टेस्ट पिवळी आली. पावडर जुनी, उघडी राहिलेली असेल तर ताकद गेलेली असते, म्हणून ही टेस्ट केल्याशिवाय समाधान मानू नये.

त्यानंतर मशीनचा विचार केला. विहारात वीज आहे, पाणी नितळ आणि कमी क्षाराचे आहे, म्हणून आम्ही यूव्ही घेतले. आरओच्या निम्म्या खर्चात झाले. यूव्हीचा दिवा जंतू आणि विषाणू दोन्ही निकामी करतो आणि पाणी वाया घालवत नाही. त्याच्या मर्यादा मात्र लक्षात ठेवा. गढूळ पाण्यात किरण जंतूंपर्यंत पोचत नाहीत, म्हणून आधी गाळणी हवी आणि पावसाळ्यात ती लवकर भरते. दिवा दिसायला पेटलेला असला तरी सतत वापराने साधारण वर्षभरात त्याची ताकद उतरते, तेव्हा तो बदलावाच लागतो. आणि यूव्हीचे पाणी अस्वच्छ हंड्यात ओतले तर पुन्हा बिघडते, कारण किरण पाण्याबरोबर हंड्यात येत नाहीत.

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना भिंतीला भोक पाडता येत नाही, नळ अर्धा तास येतो आणि वीजही जाते. त्यांच्यासाठी वरून पाणी ओतायचे, खाली गाळून येते असे ग्रॅव्हिटीचे मशीन बरे. बारीक छिद्रांच्या नळ्यांचे, म्हणजे यूएफचे, मशीन जिवाणू आणि गाळ अडवते. विषाणू मात्र त्याहून लहान असतात आणि सगळे अडतीलच असे नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर ही उणीव फारशी बोचत नाही. ओटी टेस्ट पांढरी येत असेल किंवा वस्तीत काविळीचे रुग्ण असतील, तर पाणी खळखळ उकळूनच प्या. उकळीला विषाणूही टिकत नाहीत. पाण्याची धार हळू पडू लागली तर नळ्या तुंबल्या असे समजा, आणि खालचा डबा दर आठवड्याला घासा.

राहिला टँकर आणि बोअरचा प्रश्न. खारघर, कामोठे, उलव्याकडच्या काही सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर येतो, खाडीजवळच्या बोअरचे पाणी मचूळ असते. तिथे मे महिन्यात टँकर आल्यावर आणि जुलैत नळाला पाणी असताना, असे दोनदा टीडीएस मोजा. आकडा बराच वेळ पाचशेच्या वर राहत असेल तर आरओ घ्या, खर्च सार्थकी लागेल. चार-सहा आठवड्यांचाच प्रश्न असेल तर तेवढ्यासाठी वर्षभर पाणी मोरीत सोडू नका, तेवढ्या दिवसांपुरते पिण्याचे पाणी वेगळे आणा. बोअरचे पाणी पिण्यात असेल तर मीटरवर न थांबता फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू प्रयोगशाळेत तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत फी भरून ते होते.

विक्रेता त्या दिवशी जाताना म्हणाला, "काका, तुम्ही माझा धंदा बसवलात." मी म्हणालो, "नाही रे, खारपाणपट्ट्यात जा, तिथे तुझे मशीन खरेच हवे आहे." आमच्या विहाराच्या कपाटात आता टीडीएस मीटर आणि ओटी टेस्टची बाटली ठेवली आहे. ज्याला घरी मशीन घ्यायचे असेल त्याने ती एक दिवस घेऊन जावी, आपले पाणी मोजावे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावी. दुकानात जायचे ते त्यानंतर.