‘जॉइन’ बटणामागचा हिशेब

मागच्या महिन्यातल्या लेखानंतर बऱ्याच जणींनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. चॅनलवर जाहिरातींचे पैसे येतात ते जेमतेम, मग लोकांकडून थेट महिन्याला थोडे पैसे घ्यायची सोय वापरावी का? आणि घ्यायचे, तर त्यांना द्यायचं काय? आज यूट्यूबच्या चॅनल मेंबरशिपबद्दल बोलूया, आणि त्यातही त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल जास्त. बटण सुरू करणं सोपं आहे. खरी अडचण सुरू होते ती त्या बटणाखाली आपण काय लिहून बसतो त्यापासून.

आधी पात्रता पटकन पाहू. किमान ५०० सबस्क्रायबर, गेल्या ९० दिवसांत ३ पब्लिक व्हिडिओ आणि गेल्या वर्षभरात ३,००० तासांचा वॉच टाइम (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज) असेल, तर तुम्ही यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्रॅममध्ये अर्ज करू शकता. जाहिरातींच्या कमाईसाठी यापेक्षा मोठी अट आहे, पण मेंबरशिपला एवढं पुरतं. वय १८ पूर्ण हवं. एक गोष्ट मात्र आधीच बघा. तुमचं चॅनल लहान मुलांसाठीचं म्हणून नोंदवलेलं असेल, म्हणजे बडबडगीतं, बालकथा वगैरे, तर ही सोय मिळत नाही. मंजुरी मिळाली की यूट्यूब स्टुडिओमध्ये Earn या भागात Memberships दिसतं. तिथल्या अटी मान्य करायच्या, किमतीच्या पायऱ्या म्हणजे लेव्हल ठरवायच्या आणि प्रत्येक लेव्हलला काय मिळणार ते लिहायचं. या मिळणाऱ्या गोष्टींना पर्क म्हणतात.

आता एक चॅनल डोळ्यांसमोर आणू, म्हणजे हिशेब कळेल. समजा, बडोद्यात राहणाऱ्या एक काकू आहेत. मराठीतून ब्लाउज शिवणं शिकवतात. कटोरी ब्लाउज, प्रिन्सेस कट, पेपर कटिंग, असं सगळं. सबस्क्रायबर ४,२००, आठवड्याला दोन व्हिडिओ. घरातली कामं आणि गिऱ्हाइकांची शिलाई सांभाळून हे चालतं, त्यामुळे त्यांच्याकडे महिन्याला तीन तासांपेक्षा जास्त रिकामा वेळ नाही.

काकूंनी ५९ रुपयांची लेव्हल ठेवली, तर हातात किती येतात? त्या ५९ मध्ये १८ टक्के जीएसटी धरला, तर तो वजा जाऊन ५० उरतात. उरलेल्याचे ७० टक्के क्रिएटरला मिळतात, म्हणजे ३५ रुपये. सदस्याने आयफोनच्या ॲपमधून पैसे भरले, तर ॲपलचं शुल्क वाटणीच्या आधीच कापलं जातं. म्हणून आयफोनवाल्या सदस्यांना ब्राउझरमधून जॉइन व्हायला सांगितलेलं बरं. हे ३५ रुपये मनात पक्के धरा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

उत्साहाच्या भरात सुचणारा पहिला पर्क कोणता? ‘तुमचं माप पाठवा, मी तुमच्यासाठी कटिंग सांगते.’ ऐकायला छान. पण एकीच्या मापाला पंधरा मिनिटं धरली आणि चाळीस जणी आल्या, तर महिन्याला दहा तास झाले. त्याचे मिळाले १,४०० रुपये. तासाला १४० रुपये, आणि तेही पुन्हा पुन्हा उलट प्रश्न येणार नाहीत असं धरून. त्या वेळात काकू गिऱ्हाइकांचे ब्लाउज शिवतील तर जास्त कमावतील. दुसरा आवडता पर्क म्हणजे पोस्टाने हाताने लिहिलेलं कार्ड किंवा छोटी भेट. पाकीट, कार्ड, टपाल यांतच ३५ रुपये संपतात.

म्हणून कुठलाही पर्क लिहिण्याआधी मी दोन गोष्टी तपासायला सांगते. सदस्य पाचाचे पन्नास झाले तर माझं काम वाढेल का? आणि एखादीने पैसे भरणं थांबवलं, तर तिचा पर्क आपोआप बंद होईल का, की मला आठवणीने बंद करावा लागेल?

दुसऱ्या प्रश्नात सर्वांचा लाडका व्हॉट्सॲप ग्रुप नापास होतो. त्यात तुमचा नंबर सगळ्यांकडे जातो, रात्री अकराला ‘ताई, मुंढा नीट बसत नाही’ असे फोटो येतात, आणि महिन्याच्या शेवटी कोणी पैसे भरले, कोणी नाही हे यादी काढून तपासत बसावं लागतं. ज्यांना ग्रुपमधून काढाल त्या नाराज होणार ते वेगळंच. यूट्यूबच्या आत जे पर्क आहेत त्यांचं दार यूट्यूबच उघडतं आणि बंदही करतं. त्यामुळे शक्यतो सगळं तिथेच ठेवा.

मग काकूंनी द्यावं काय? सगळ्यात चांगला पर्क त्यांच्या फोनमध्ये आधीपासून पडलेला आहे. नऊ मिनिटांचा व्हिडिओ तयार होतो, तेव्हा शूटिंग चाळीस-पन्नास मिनिटांचं असतं. शोल्डर का वाढवला, टक्स कुठून घेतला, अस्तर जोडताना कापड का सरकलं, हे सगळं एडिटिंगमध्ये कापलं जातं. शिकणाऱ्या बाईला नेमकं तेच हवं असतं! तो न कापलेला व्हिडिओ तसाच अपलोड करायचा आणि व्हिजिबिलिटी Members only ठेवायची. महिन्याला असे दोन व्हिडिओ पुरेत. मात्र टाकण्याआधी एकदा पळवत का होईना पूर्ण बघून घ्या. मागे टीव्हीवर गाणं चालू असेल, तर सदस्यांपुरत्या व्हिडिओलाही कॉपीराइट क्लेम येऊ शकतो. शिवाय टेबलावरच्या वहीत गिऱ्हाइकाचं नाव आणि फोन नंबर दिसत असेल, तर ते जास्त वाईट.

दुसरा स्वस्त पर्क म्हणजे व्हिडिओ दोन दिवस आधी दाखवणं. शुक्रवारी तो Members only म्हणून टाकायचा, रविवारी Public करायचा. काकूंना व्हिडिओ फक्त दोन दिवस आधी तयार ठेवायचा आहे, बाकी काम शून्य. इथे हमखास होणारी गडबड म्हणजे रविवारी बदल करायला विसरणं. मग नेहमीच्या प्रेक्षकांना कुलूपबंद व्हिडिओ दिसतो आणि ‘आता फुकट शिकवणं बंद केलं का?’ अशा कमेंट येतात. तशा कमेंट दिसल्या, की आधी व्हिजिबिलिटी तपासा. आणि जे व्हिडिओ आजवर सगळ्यांसाठी खुले होते, ते सदस्यांसाठी कधीही बंद करू नका. त्याने आलेला राग चार-पाच सदस्यांच्या पैशांनी भरून निघत नाही.

बॅज आणि इमोजी हे तर एकदाच करायचं काम. सदस्याच्या नावापुढे दिसणारा बॅज ती किती महिने टिकली त्यानुसार बदलत जातो. नवीन असताना सुई, महिन्याने दोऱ्याचं रीळ, सहा महिन्यांनी कात्री, वर्षाने शिलाई मशीन, असं काकूंना सहज करता येईल. चित्रं साधी आणि ठळक ठेवा, कारण ती मोबाइलवर नखाएवढी दिसतात. घरातल्या कॉलेजवाल्या मुलीला एक दुपार दिली की काम झालं. पण नुसत्या बॅजसाठी शिलाई शिकणारी बाई पैसे भरेल, असं मला वाटत नाही. गेमिंगच्या लाइव्ह चॅटमध्ये त्याला भाव आहे, इथे तो तोंडी लावण्यापुरता.

आणि त्या मापाच्या प्रश्नांचं काय? ते सोडायचे नाहीत, फक्त एकत्र आणायचे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सदस्यांसाठीची पोस्ट टाकायची, ‘तुमची अडचण खाली लिहा’. मग तिसऱ्या शनिवारी सदस्यांसाठी चाळीस मिनिटांचं लाइव्ह, त्यात निवडक प्रश्न कापडावर करून दाखवायचे. पाच जणी असोत की पन्नास, वेळ तेवढाच. हे मी १५९ रुपयांच्या लेव्हलवर ठेवीन. त्यातून त्याच हिशेबाने साधारण ९४ रुपये हाती येतात. वरच्या लेव्हलला खालचं सगळं मिळतंच, त्यामुळे वेगळं काही जोडायला नको.

दोन लेव्हल पुष्कळ झाल्या. यूट्यूब जास्त करू देतं, पण प्रत्येक लेव्हल म्हणजे एक नवं वचन. मागाहून एखादी लेव्हल काढून टाकली, तर त्यातल्या सदस्यांची मेंबरशिपच रद्द होते.

वचन लिहिताना शब्दांकडेही लक्ष द्या. ‘दर आठवड्याला खास व्हिडिओ’ असं लिहिलंत तर दिवाळीच्या आठवड्यातही तो द्यावा लागेल, आणि शिवणकाम करणाऱ्या बाईसाठी तो वर्षातला सगळ्यात वाईट आठवडा! ‘महिन्याला किमान दोन’ लिहा, जमलं तर तीन द्या. कबूल केलेलं दिलं नाही तर यूट्यूब ही सोय काढूनही घेऊ शकतं. सोडत काढून साडी देणं, प्रत्यक्ष एकटीला भेटायला बोलावणं, असले पर्क नियमांतच बसत नाहीत.

आता काकूंचा महिना मांडू. समजा, ५९ च्या लेव्हलला वीस जणी आणि १५९ ला पाच जणी आल्या. ७०० आणि ४७०, मिळून १,१७० रुपये. वेळ किती गेला? दोन न कापलेले व्हिडिओ बघून टाकायला तासभर, पोस्ट आणि प्रश्न निवडायला अर्धा तास, लाइव्ह तयारीसह एक तास. अडीच तास. सदस्य दुप्पट झाले तरी हे अडीच तासच राहतात, आणि सगळी मेख तिथेच आहे. मात्र हे पैसे लगेच खात्यात दिसणार नाहीत. जाहिराती, सुपर थँक्स, मेंबरशिप असं सगळं मिळून १०० डॉलर जमले, की मगच बँकेत येतात. नव्या खात्याचा पत्ता पडताळण्यासाठी गुगल पोस्टाने पिन पाठवतं, तेव्हा पत्ता नीट भरा.

आणखी एक आपल्याकडची गोष्ट. दर महिन्याला आपोआप पैसे कापले जाणार असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ग्राहकाला किमान २४ तास आधी सूचना जाते. म्हणजे तुमची सदस्य दर महिन्याला एकदा तरी ‘हे ठेवू का?’ असा विचार करणारच. स्टुडिओच्या ॲनालिटिक्समध्ये किती सदस्य आले, किती गेले हे दिसतं. ज्या महिन्यात जास्त गेले, त्या महिन्यात तुम्ही काय दिलं होतं ते आठवून बघा. पुष्कळदा उत्तर असं निघतं, की लाइव्ह महिन्याच्या अगदी शेवटी ढकललं होतं आणि बँकेचा मेसेज त्याच्या आधी पोहोचला होता.