गुत्त्यातल्या बारा अफवा

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळताना गाव आलं की गुत्ता येतो, आणि गुत्ता आला की खेळाडू विचारणारच, “इथं लोक काय बोलतायत?” मग खेळ चालवणारा फासा टाकतो आणि यादीतली त्या आकड्याची अफवा सांगतो. गॅरी गायगॅक्सच्या ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’मध्ये अशी वीस अफवांची यादी आहे, खोट्यांवर खूण केलेली. त्यातली एक प्रसिद्धच आहे: ‘ब्री-यार्क’ म्हणजे गॉब्लिनांच्या भाषेत ‘शरण आलो’. खरं तर ती साथीदारांना बोलावण्याची आरोळी! गंमत आहे, पण मला अशी साफ खोटी अफवा पटत नाही. चूक कळते ती तलवार म्यान केल्यावर. एकदा असं फसलेले खेळाडू पुढं कुणाचंच ऐकत नाहीत, आणि यादी वाया जाते.

माझ्या यादीत बारा अफवा असतात: चार खऱ्या, पाच अर्ध्या खऱ्या, तीन नुसत्या गप्पा. अर्धं सत्य लिहिताना मी आधी खरी गोष्ट लिहून काढतो. समजा, पडक्या बुरुजावरून चोरटे व्यापारी अमावस्येला दिवा दाखवून होड्या बोलावतात. आता हे पाहिलं कुणी? लांबून एका मेंढपाळानं. त्याला दिवा दिसला, माणसं दिसली नाहीत. उरलेली जागा त्यानं भीतीनं भरली. म्हणून गुत्त्यात तो सांगतो, “अमावस्येला बुरुजात भूत दिवा लावतं.” जागा खरी, रात्र खरी, भूत तेवढं खोटं. बुरुजाच्या पायरीवर तेलाचे डाग आणि ताजे बुटांचे ठसे ठेवले की जिवावर बेतायच्या आधीच खेळाडूंना शंका घेता येते. जोडीला एक खरी अफवा: मिठाचा व्यापारी दिव्याचं तेल पिंपंच्या पिंपं घेतो, दुकान मात्र संध्याकाळीच बंद. दोन्ही ऐकणारा आपणच दुवा जोडतो. तो आपण जोडून द्यायचा नाही.

गप्पांचं काय? त्या सोप्या वाटतात, आणि मी तिथंच आपटलो. एका गप्पेत मी लिहिलं होतं की पाववाल्यानं बायकोशी भांडून लग्नाची अंगठी मागच्या विहिरीत टाकली, परवा, तिसऱ्या प्रहरी. मेंढपाळाच्या अफवेत मात्र एवढा तपशील नव्हता. खेळाडूंनी साहजिकच हिशेब केला, की ज्यात वेळ नि जागा दिलीय तेच महत्त्वाचं. दोर आणला, मशाली आणल्या, मांत्रिकाला पाण्यात उतरवलं. दोन तास गेले. आम्ही खेळायला बसलो होतो तीनच तासांसाठी!

तेव्हापासून बाराही अफवा मी सारख्याच लांबीच्या, एकेका वाक्याच्या लिहितो. अंगठी मात्र त्या रात्री त्यांना मिळाली. मी काय करणार, एवढं भिजल्यावर नाही कसं म्हणायचं?