मथळा निवडावा, पण मोजून

आरोग्य शिबिराच्या पत्रकावर कोणता मथळा छापायचा, हे सहसा बैठकीतली सर्वांत ज्येष्ठ व्यक्ती ठरवते. तिला जे आवडेल ते छापखान्यात जाते. एखादे औषध साहेबांना आवडले म्हणून आपण रुग्णाला देत नाही. मग ते चार शब्द वाचून माणूस तपासणीला येणार की त्याच कागदात भजी बांधणार, हे ज्यावर अवलंबून आहे, ते शब्द मात्र आवडीनिवडीवर का सोडायचे?

उच्च रक्तदाबाचेच उदाहरण घेऊ. बीपी वाढले तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. अर्धांगवायू होऊन रुग्णालयात येणाऱ्यांत कित्येकांनी त्याआधी कधी बीपी मोजलेलेच नसते. म्हणजे पत्रकाला अशा माणसाला उठवायचे असते, ज्याचे काहीच दुखत नाही. हे काम अवघड आहे.

समजा, सेनगाव तालुक्यातल्या काही गावांसाठी बीपी तपासणीचे शिबिर आहे आणि पत्रकाचे दोन मसुदे समोर आहेत. पहिला असा : ‘भव्य असंसर्गजन्य रोग निदान व उपचार शिबिर. तरी सर्व नागरिकांनी बहुसंख्येने उपस्थित राहून लाभ घ्यावा, ही नम्र विनंती.’ दुसरा असा : ‘तिशी ओलांडली? एकदा बीपी मोजून घ्या. रविवारी सकाळी ८ ते १२, जिल्हा परिषद शाळा. तपासणी आणि गोळ्या मोफत.’

यातला दुसरा निवडायला कसलाही प्रयोग लागत नाही. ‘असंसर्गजन्य’ हा शब्द गावात कोणी बोलत नाही. ‘सर्व नागरिकांनी’ म्हटले की कोणालाच ते आपल्यासाठी वाटत नाही. दुसरा मसुदा कोणी यायचे, कुठे, किती वाजता आणि कशासाठी, एवढे सांगतो आणि थांबतो. एकच अट : पत्रकात दिलेला शब्द शिबिरात पाळता आला पाहिजे. गोळ्या संपलेल्या असतील तर ‘गोळ्या मोफत’ छापू नये.

खरा प्रश्न यापुढे येतो. कोणी सुचवते, ‘तिशी ओलांडली?’ऐवजी ‘काही त्रास नाही? तरीही एकदा बीपी मोजून घ्या’ असा मथळा द्या. पहिल्यात वाचणाऱ्याला आपले वय दिसते. दुसरा ‘मला काय झालंय?’ या नेहमीच्या उत्तराला आधीच उत्तर देतो. दोन्ही खरे आहेत, दोन्ही साधे आहेत आणि शहाणी माणसे दोन्ही बाजूंनी वाद घालू शकतात. अशा वेळी वाद थांबवून मोजणी करावी.

अनुभवी माणसांचा अंदाज इथे चुकतो, याचे चांगले उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. तिथे २०१३ मध्ये वाहन कर भरण्याच्या सरकारी संकेतस्थळावर, काम संपल्यानंतर दिसणाऱ्या पानावर, अवयवदानासाठी नाव नोंदवण्याचे आवाहन आठ वेगवेगळ्या प्रकारे दाखवण्यात आले. कोणाला कोणते दिसणार हे केवळ योगायोगाने ठरत होते. दहा लाखांहून अधिक लोकांनी ते पान पाहिले. साध्या आवाहनाला शंभरात २.३ जणांनी प्रतिसाद दिला. ‘तुम्हाला अवयवाची गरज पडली, तर तुम्ही घ्याल का? मग इतरांना मदत करा’ अशा अर्थाच्या वाक्याला ३.१ जणांनी. आणि ज्या आवाहनासोबत हसतमुख माणसांचा फोटो होता, त्याला साध्या आवाहनापेक्षाही कमी प्रतिसाद मिळाला. आपल्याकडच्या कोणत्याही बैठकीत तो फोटो एकमताने मंजूर झाला असता.

आता आपली चाचणी. एक मथळा एका गावात आणि दुसरा शेजारच्या गावात वाटायचा, ही चुकीची पद्धत. एका गावातली आशाताई घरोघर जाऊन आग्रह करते, दुसरीकडे ती नवीन असते. एका गावात सोयाबीनची काढणी चालू असते, दुसऱ्या गावातली अनेक कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतात. गर्दीतला फरक मथळ्याचा की या गोष्टींचा, हे मग सांगता येत नाही.

म्हणून दोन्ही मथळे प्रत्येक गावात वाटायचे. बाकीचा मजकूर, कागद, रंग आणि अक्षर तंतोतंत सारखे ठेवायचे. प्रत्येक घराला एकच पत्रक. दोन्ही प्रकारची समान पत्रके आधीच एकत्र करून पत्त्यांसारखी पिसायची, मग एकेक पाकिटात बंद करून पाकिटांवर क्रमांक घालायचे. कोणत्या क्रमांकात कोणता मथळा आहे, याची यादी वाटप न करणाऱ्या व्यक्तीकडे राहील. आशाताईने वरचे पाकीट द्यायचे आणि घराच्या नावापुढे क्रमांक लिहायचा. त्यामुळे ‘हे घर शिकलेले आहे, याला चांगले पत्रक देऊ’ असे नकळतही होत नाही. शिबिरात येणाऱ्याने पत्रक घरी विसरले तरी बिघडत नाही, घरावरून क्रमांक सापडतो. शेजाऱ्याचे पत्रक वाचून कोणी आला, तरी त्याला त्याच्याच घराच्या पत्रकाखाली मोजायचे.

मोजायचे काय, हे वाटपाआधी कागदावर लिहून ठेवावे. नुसती गर्दी मोजली, तर आधीच गोळ्या घेणारेच पुन्हा आलेले असू शकतात. आपल्याला हवा आहे तो बीपी कधीच न मोजलेला माणूस. म्हणून नोंदणीच्या वेळी सर्वांना एकच प्रश्न : ‘याआधी बीपी मोजले होते का?’ आणि माणसे मोजण्याऐवजी, असा निदान एक जण ज्यातून आला ती घरे मोजावीत. सासूबरोबर सूनही येते, ते दोन वेगळे निर्णय नसतात.

आता किती घरे हवीत? समजा, प्रत्येक मथळा १०० घरांत गेला आणि एकाने १०, दुसऱ्याने १५ घरांतून माणसे आणली. दीडपट! पण मथळ्यांत काहीही फरक नसतानासुद्धा एवढी किंवा याहून मोठी तफावत शंभरात सुमारे २८ वेळा नुसत्या नशिबाने दिसते. तेच प्रमाण प्रत्येकी ७०० घरांत आले, म्हणजे ७० विरुद्ध १०५, तर नशिबाची शक्यता हजारात पाचच्या आसपास उरते. म्हणजे ही चाचणी साधारण १,४०० घरांची आहे. दहाऐवजी बारा टक्के एवढाच बारीक फरक पकडायचा असेल, तर प्रत्येक मथळ्याला सुमारे ३,८०० घरे लागतील. सकाळी अकरालाच एक मथळा पुढे दिसला म्हणून मोजणी थांबवू नये. मधेच डोकावून थांबणाऱ्याला नशीब सहज फसवते.

या चाचणीची मर्यादाही आहे. ज्या घरात कोणी वाचत नाही, किंवा ज्या तांड्यावर घरात गोरमाटी बोलली जाते, तिथे आशाताईचे तोंडी बोलणे छापील मथळ्यापेक्षा मोठे ठरते. आपण पारखतो तो मथळा वाचणाऱ्या घरांपुरता. शिवाय भीती घालणारा खोटा मथळा जास्त माणसे आणेलही, पण तो चाचणीत उतरवायचाच नाही. चाचणी खऱ्या वाक्यांमध्येच व्हावी.

याला खर्च फारसा नाही. पत्रके छापायचीच असतात, आशाताई घरोघर जातच असतात, नोंदवही भरावीच लागते. वाढतात ती पाकिटे, पिसण्याचा एक तास आणि एक प्रश्न. जिल्ह्यासाठी लाखभर पत्रके छापण्याआधी चार-पाच गावांत एवढे करावे, अशी माझी मागणी आहे. आणि दोन्ही मथळे सारखेच निघाले, तर त्याचीही नोंद करावी. निदान पुढच्या बैठकीतला त्यावरचा वाद तरी वाचेल आणि तो वेळ गोळ्यांचा साठा तपासायला देता येईल.