कोऱ्या फोनचे चांगदेव

चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र धाडलं. समोरचा वयाने लहान, ज्ञानाने थोर. मायना काय लिहावा, सुचेना. चौदाशे वर्षं जगूनही हा कोरा तो कोराच, असा शेरा मुक्ताईने मारला म्हणतात. त्याच मुक्ताईच्या नावाच्या गावात मी दवाखान्याच्या काउंटरवर बसते आणि सकाळी नऊपासून कोरी पत्रं उचलते. चांगदेवांना निदान समोरच्याला काय म्हणावं एवढाच प्रश्न पडला होता. आमच्या चांगदेवांना स्वतःलाच काय म्हणावं, ते ठरवता येत नाही.

"हॅलो, एक नंबर लावा."

"कुणाच्या नावाने?"

"आमच्याच."

"आमच्या म्हणजे?"

"काबरं ताई, आवाज ओळखला नाही? दिवाळीत आलतो ना!"

"पेशंटचं नाव सांगा, दादा."

"पाटील."

वाचकहो, आमच्या कपाटात पाटलांचे दोन कप्पे आहेत. भरगच्च. बाहेर येऊन नुसतं "पाटील!" म्हटलं, तर अर्धा बाक उभा राहतो आणि उरलेला अर्धा पाटलांना सोबत म्हणून आलेला असतो.

"पाटील, पुढे?"

"पुढे काय? पाटीलच."

"कोणत्या डॉक्टरांकडे?"

"मोठ्या साहेबांकडे."

आमच्याकडे दोन डॉक्टर रोजचे. एक वयाने मोठे, एक डिग्रीने. हाडांचे तिसरे फक्त गुरुवारी जळगावहून येतात आणि ते उंचीने मोठे आहेत. ज्याला ज्यांच्या औषधाने गुण आला, ते त्याचे मोठे साहेब.

"बरं, येणार कधी?"

"निघालो की येतो."

नाव नाही, रूप नाही, काळ नाही. उपनिषदांत याला ब्रह्म म्हणतात. आमच्या रजिस्टरात मात्र याला रकाना नाही.

शेवटी विचारलं, "त्रास काय आहे?" हे मी भोचकपणाने विचारत नाही. छातीत दुखतंय, दम लागलाय, एक बाजू लुळी पडतेय असं कुणी म्हणालं, तर नंबर लावायचाच नसतो. १०८ ला फोन करा, नाहीतर असाल तसे निघा, एवढंच सांगायचं असतं. बाकीच्यांनाही उपाशी यावं की जेवून, ते सांगावं लागतं. पण निर्गुणाला राग आला. "ते डॉक्टरलाच सांगू. तुम्ही फक्त नंबर लावा. आणि पहिला लावा. आम्ही भाऊंची माणसं आहोत."

पाहिलंत? स्वतःचं नाव जिभेवर येत नव्हतं. भाऊंचं मात्र न विचारता आलं. आता भाऊ कोणते, हेही विचारायची सोय नाही. या तालुक्यात भाऊसुद्धा दोन कप्पे भरतील.

साडेबाराला गाडी लागली. पेशंट हे गृहस्थ नव्हतेच, त्यांची आई होती. म्हणजे एवढ्या खटपटीने मिळवलेलं एकुलतं "पाटील" तेही पेशंटचं नव्हतं, फोन करणाऱ्याचं होतं. आईची जुनी फाइल सापडेना, कारण त्यावर मोबाइल नंबर धाकट्या मुलाचा. म्हातारीला उजव्या बरगडीखाली दुखायचं, तेलकट खाल्लं की जास्तच. डॉक्टरांनी पित्ताशयात खडे आहेत का पाहायला सोनोग्राफी सांगितली आणि विचारलं, "आजी, काही खाल्लंय का?"

खाल्लं होतं. तेल सुटलेलं भरीत आणि कळण्याची भाकर, अकरा वाजता. मुलानेच आग्रहाने वाढलेली. दवाखान्यात वेळ लागतो म्हणून.

उपाशीपोटी पित्ताशय पित्ताने भरून फुग्यासारखं फुगलेलं असतं, त्यामुळे आतला खडा दिसतो. तेलकट पोटात गेलं की ते पित्त सोडून आकसतं, आणि आकसलेल्या पिशवीत बारीक खडा सुटून जाऊ शकतो. म्हणून सहा ते आठ तास काही न खाता यायचं असतं. हे मी फोनवर एका वाक्यात सांगितलं असतं. पण ते डॉक्टरलाच सांगायचं होतं ना!

डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी उपाशी या. गृहस्थ माझ्या काउंटरवर आदळले: "हे आधी सांगता येत नव्हतं का?"

मी रजिस्टर फिरवून त्यांच्यापुढे धरलं. अकरा नंबरच्या ओळीत "पाटील" आणि पुढे सगळे रकाने कोरे. त्यांनी वाचलं, आणि म्हणाले, "बघा, नाव तर लिहिलंय की!"

संध्याकाळी फोन वाजला. म्हातारी स्वतः होती. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव सांगितलं. "सोनोग्राफीले येते, सकाळी आठला, उपाशी. लिवलं का, बाई?"

लिहिलं. अर्धं मिनिटही लागलं नाही.