निवडयादीत नसलेले नाव

शालेय कबड्डी संघाच्या निवडीचा मजकूर हाती येताच पालकाची दृष्टी केवळ आपल्या पाल्याचे नाव शोधते, आणि ते न सापडल्यास उरलेला मजकूर वाचण्याचे भानच राहत नाही. वास्तविक कारण शोधावयाचे ते त्या उरलेल्या मजकुरातच. प्रथम जन्मतारखेची अट आणि वजनाची मर्यादा पाहावी, कारण वयोगटाच्या नियत तारखेआधी एक दिवस जन्मलेला मुलगा कितीही निष्णात असला तरी अपात्रच ठरतो, व त्यात त्याच्या खेळाविषयी कोणताही निर्णय नसतो. त्यानंतर बारा नावे जागेनुसार मांडावीत. समजा, आपला मुलगा डावा कोपरा सांभाळतो, आणि यादीत त्या जागेचे दोघे, उजव्या कोपऱ्याचे दोघे, मध्यरक्षक चौघे व चढाईपटू चौघे आहेत; तर त्याची तुलना बारा जणांशी नव्हे, त्या दोघांशीच झाली, आणि पायाची पकड घेताना तो घाईने पुढे झेपावून कोपरा उघडा टाकतो काय, हा खरा प्रश्न ठरतो. मात्र त्याच्या जागेचा एकच खेळाडू घेऊन पाचवा चढाईपटू घेतला असेल, तर तो संघरचनेचा हिशेब होय. सरावातील हजेरी किंवा जुनी दुखापत यांचा उल्लेख अशा मजकुरात बहुधा नसतो; सबब दुसऱ्या दिवशी, मुलाला सोबत घेऊन, क्रीडाशिक्षकांना शांतपणे एवढेच विचारावे की, याचा विचार कोणत्या जागेसाठी झाला व तेथे काय उणे पडले.